धागा: यमक काढून टाकलं तरी ओळ झोपाळ्यासारखी हलते. दीर्घकवितेत बोलण्याची लय कशी आणायची?

माळवदकर (लातूर)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून एक दीर्घकविता लिहायलो. नाव ‘माळवद’. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. 30 सप्टेंबर 1993 ला मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी ते झालं. कविता भूकंपाची कमी आणि नंतरची जास्त आहे. जुनं गाव, नवं गाव आणि मधे अडकलेली माणसं. साधारण 300 ओळींचा अंदाज आहे.

एवढ्या लांब कवितेला यमक झेपणार नाही हे सुरुवातीलाच ठरवलं. पण ओळ मोजलेली हवी होती, म्हणून पादाकुलकासारखी सोळा मात्रांची घेतली, आठ-आठ. नमुना देतो:

त्या रात्री मग भिंत कोसळे
माळवदाची माती झाली
माय अंगणी उभी राहिली
हाक तियेची नाही आली

मात्रा मोजून बघा, चुकलेल्या नाहीत. पण बायकोला वाचून दाखवली तर ती म्हणाली, “बालभारतीतली वाटते.” राग आला, पण खरं आहे. अशा 40 ओळी झाल्यात आणि माझी मलाच झोप यायली. मी बोलतो तशी ती वाटत नाही. काय चुकतंय?

रानवारा (बीड)

चूक एकच, मोजताय. निर्यमक म्हणजे मुक्तछंदच की. यमक सोडलं तसं मोजमापही सोडून द्या. मनात येईल तिथं ओळ तोडा. कवी अनिलांनी 1940 सालीच ‘भग्नमूर्ती’ मुक्तछंदात लिहून दाखवली, तीही चिंतनशील दीर्घकविताच. आपण अजून मात्रा कशाला मोजत बसायचं?

सुमनताई (गंगाखेड)

दादा, तुमच्या ओळी वाचून माझी आजी आठवली. ती जात्यावर बसली की तासभर ओव्या म्हणायची. एका ओवीत अक्षरं कमी, दुसरीत जास्त, पण कधी अडली नाही. जातं फिरेपर्यंत ती स्वर ओढायची, कमी पडलेलं त्यात भरून निघायचं. तुम्ही ओवीच का घेत नाही? जनाबाईच्या गावची म्हणून सांगत नाही, खरंच विचारते. भूकंपाच्या वेळी आम्हालाही हादरे जाणवले होते. आम्ही उजाडेपर्यंत अंगणात बसून होतो.

पाटीपेन्सिल (अंबाजोगाई)

तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून थोडं लांब लिहितो.

रानवारा, तुमचं अर्धं बरोबर. अनिलांच्या ओळी लहानमोठ्या आहेत, पण त्यांना लय आहे, आणि ती त्यांनी डोळे मिटून सोडलेली नाही. शिवाय मुक्तछंद आणि निर्यमक पद्य ही सख्खी नव्हेत, चुलत भावंडं आहेत. निर्यमकात ओळीचं माप ठरलेलं असतं, फक्त शेवटचा घुंगरू काढलेला असतो. सावरकरांचं वैनायक वृत्त त्या जातीचं. माळवदकरांना माप ठेवायचंय, तर त्याबद्दलच बोलू.

सुमनताई, ओवी गाण्याची आहे. स्वर ओढता येतो तिथं अक्षराची उधारी चालते. ही कविता बोलायची आहे, बोलताना स्वर ओढला की नाटकीपणा येतो. पण ओवीतून एक गोष्ट जरूर घ्यावी. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाबाहेर. त्या आखूड चरणाशी आवाज खाली बसतो. दीर्घकवितेत एखादा खंड संपवताना ती युक्ती कामी येते.

आता तुमच्या चार ओळी. यमक काढलंय म्हणता, पण ते गेलंय कुठं? झाली, राहिली, आली. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि भूतकाळात त्याच्या शेपटीला ला-ली-ले लागतंच. ओळ आणि वाक्य एकाच जागी संपवलं की यमक मागच्या दारानं परत येतं. तुमच्या 40 ओळींपैकी किती क्रियापदावर संपतात, मोजून सांगा. माझा अंदाज, तीस तरी असतील.

दुसरं, ‘कोसळे’, ‘अंगणी’, ‘तियेची’. यातलं काय तुमची माय बोलायची? ‘कोसळली’ म्हणालात तर एक मात्रा जास्त होते म्हणून ‘कोसळे’. ‘अंगणात’ आठात बसत नाही म्हणून ‘अंगणी’. ‘मग’ तर निव्वळ पोतं भरायला. मात्रावृत्तात ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब शब्दाच्या गळ्याशी असतो, म्हणून आपण शब्दच वाकवतो. आठ-आठाचं आवर्तन वर ठेका धरून बसलेलं असतं. म्हणून झोप येते.

माळवदकर

सर, मोजलं. 40 पैकी 33 क्रियापदावर संपतात. त्यातल्या 19 ला-ली-ले. लाज वाटली. पण मग मोजायचं कशात? अक्षरं मोजू का, अभंगासारखी?

देगलूरनाका (नांदेड)

इंग्रजी शिकवतो म्हणून मधे बोलतो. ब्लँक व्हर्स मुळात दहा सिलॅबलची ओळ, त्यात पाच ठोके, हलका-जड हलका-जड. मराठीतही दहा अक्षरांत पाच जोर घ्या की. शेक्सपियरची नाटकं त्यावर उभी आहेत आणि ती बोलल्यासारखीच वाटतात.

पाटीपेन्सिल

देगलूरनाका, दहा घेऊ, पाच ठोके नको. इंग्रजीत शब्दाचा जोर कुठं पडतो हे ठरलेलं असतं, तो चुकला तर शब्दच कळत नाही. मराठीत जोर इतका पक्का नाही, तो वाक्याच्या अर्थाप्रमाणे हलतो. पाच ठोके ठरवून बसवले तर परत ठेक्यातच अडकू. तिकडून घ्यायचं ते वेगळंच. मिल्टननं ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या प्रस्तावनेत म्हटलंय, की अर्थ एका ओळीतून दुसऱ्या ओळीत निरनिराळ्या प्रकारे ओढत न्यायचा. यमक गेल्यावर कान कशावर ठरेल, त्याचं उत्तर तिथं आहे. वाक्य ओळीच्या मधे संपवा आणि ओळ वाक्याच्या मधे.

माळवदकर, अक्षरं मोजा, पण कागदावरची नको, जिभेवरची. तुमच्या शीर्षकाचाच शब्द घ्या. ‘माळवद’ कागदावर चार अक्षरं: मा, ळ, व, द. अभंगात बसवलं तर चारही पूर्ण वाजतील. पण तुम्ही बोलता काय? माळ्-वद्. दोनच. ‘घेतलं’ कागदावर तीन, तोंडात घेत्-लं, दोन. मराठीत बोलताना शब्दातला मधला आणि शेवटचा ‘अ’ गिळला जातो. कागदावर चौदा भरतील अशा दोन ओळींत तोंडात एक दहाची होते, दुसरी बाराची, आणि कानाला ती डुगडुग लगेच कळते. लोक म्हणतात लय जमत नाही. मोजलेलंच वेगळं असतं, तर जमणार कसं?

मी असं करतो. जे सांगायचंय ते आधी कुणाला तरी फोनवर सांगितल्यासारखं बोलतो आणि मोबाईलवर रेकॉर्ड करतो. मग ऐकून जसंच्या तसं उतरवतो, ‘अन्’, ‘तर’, ‘बघ’ यांसकट. त्यानंतर दहा-दहा उच्चारांचे तुकडे पाडायचे. बसत नसेल तर शब्द वाकवायचा नाही, वाक्य हलवायचं.

आणि वाक्य हलवायला बोलीत भरपूर जागा आहे. आपण काय नेहमी क्रियापदावरच थांबतो? “गेला बघ तो.” “काही बोलली नाही ती.” “काय केलं असतं आपण?” क्रियापदामागून कर्ता येतोच बोलण्यात. ‘हाक तियेची नाही आली’ ही उलटापालट वृत्तासाठी केलेली आहे. ‘बोलली नाही ती’ ही जिभेनं स्वतःच केलेली. ही दुसरी हवी तितकी वापरा.

कवीराज_जालना

सर, काफिया नसला तर रदीफ ठेवता येईल का? माझ्या गझलेचा मतला पाठवतो, जरा बघा. आणि स्पर्धेला 40 ओळींची मर्यादा आहे, 300 ओळी कोण घेणार?

पाटीपेन्सिल

गझलेचा धागा वेगळा काढा, तिथं येतो.

माळवदकर (चार दिवसांनी)

रेकॉर्डिंग केलं. स्वतःचा आवाज ऐकून आधी दोन दिवस गेले. त्यात एक गोष्ट निघाली, जी पहिल्या ओळींत आलीच नव्हती. मी ‘हाक नाही आली’ लिहिलं होतं, पण खरं तर माय बोलली होती. ती ओळ मात्रा भरायच्या नादात खोटी झाली होती. आता असं आहे:

माळवद खाली आलं. तेव्हा माय तर
बाहेर उभी होती, हातात कंदील
तसाच. कुणाचं नाव घेतलं नाही
तिनं. एवढंच म्हणाली, शेळी सोड.

कागदावर 14, 13, 13, 13. तोंडात चारही दहा. माळ-वद-खा-ली-आ-लं, ते-व्हा-माय-तर. बरोबर मोजतोय ना?

सुमनताई

दादा, शेळी सोड. बस. पुढं काही लिहवेना मला.

पाटीपेन्सिल

बरोबर मोजलंय. आता या ओळी का चालतात ते बघा, म्हणजे उरलेल्या 300 मध्ये उपयोग होईल.

पहिल्या दोन ओळींत थांबा सहाव्या उच्चारानंतर आलाय, ‘आलं’पाशी आणि ‘होती’पाशी. कानाला वाटतं, आता सहावर थांबायचं ठरलं. तिसरीत तो दुसऱ्यावरच येतो, ‘तसाच’पाशी. कान अडखळतो, आणि मायचं गप्प राहणं त्याच अडखळण्यात ऐकू येतं. सलग आठ-दहा ओळी थांबा एकाच जागी राहिला की समजा परत झोपाळा सुरू झाला.

ओळी कुठं तुटल्यात तेही बघा. ‘माय तर’ म्हणून आपण बोलतानाही क्षणभर थांबतो, ऐकणाऱ्याला पुढचं हवं असतं. ‘हातात कंदील / तसाच’ हेही तसंच. याऐवजी ‘तिच्या हातातल्या / कंदिलाची’ असं तोडलं असतं तर नुसती तोडमोड झाली असती, कारण तिथं कुणीच थांबत नाही. चार ओळींत दोनच क्रियापदावर संपतात असं म्हणालो असतो, पण ‘नाही’ नंतर लगेच ‘तिनं’ येऊन ते पुढं ढकललंय. ‘सोड’ एकटंच खरं क्रियापद म्हणून शेवटी उभं आहे. जे वाक्य थांबवायचं होतं तेच तिथं थांबलं.

तपासायला एक करा. हाच मजकूर ओळी न पाडता परिच्छेदासारखा लिहा आणि ज्यानं कविता पाहिली नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. तो थांबतो तिथं खुणा करा. त्याचे सगळे थांबे तुमच्या ओळींच्या शेवटी पडले तर वाक्य ओळीत कोंडलंय. एकही पडला नाही तर ते कापलेलं गद्य आहे.

ठेकाधारी (परभणी)

मी तबला वाजवतो, कवितेतलं फारसं कळत नाही. पण एक शंका. दहा उच्चार मोजले हे कागदावर ठीक. कान उच्चार मोजतो का? कान काळ मोजतो. ‘सोड’ आणि ‘खा’ दोन्ही एकेक धरले, पण ‘सोड’ म्हणायला वेळ जास्त लागतो. आवर्तन नाही, सम नाही, तर ऐकणाऱ्याला ओळ संपली हे कळणार कशानं? मला तरी हे चांगलं गद्य वाटलं. नाराज होऊ नका.

पाटीपेन्सिल

नाराज कशाला? शंका रास्त आहे. एका ओळीवरून कुणालाच कळत नाही. पन्नास ओळींनंतर कान ओळीची लांबी धरतो, मग एखादी आखूड आली की जाणवतं. मला तरी तसं ऐकू येतं. एवढं मान्य करतो, की वाचणाऱ्यानं ओळीच्या शेवटी किंचितही थांबायचं नाकारलं तर हे माप कुणालाच ऐकू जाणार नाही.

ठेकाधारी

म्हणजे सम वाचणाऱ्याच्या हातात. आमच्यात असं चालत नाही, पण ठीक.

रानवारा

आता मला पटायलंय थोडं. पण एक खटकतं. बोलण्याची लय म्हणता आणि ‘म्हणाली’ लिहिता? औसा-किल्लारीकडं ‘म्हणाली’ कोण म्हणतं? ‘म्हनली’ म्हणतात. बोलीच आणायची तर पूर्ण आणा.

माळवदकर

रानवारा, हे करून बघितलं होतं. ‘म्हनली’ केलं की म्हन-ली, दोनच उच्चार. ओळ नऊवर येते. मग ‘शेळीला सोड’ करावं लागतं, दहा भरतात. पण मायनं ‘शेळीला’ म्हटलंच नव्हतं. घाईत कुणी ‘ला’ लावत नाही.

शिवाय मी आता लातुरात राहतो, पोरांशी ‘म्हणाली’च बोलतो. कवितेत बोलणारा मी चाळिशीचा आहे, नऊ वर्षांचा नाही. माझी बोली कोणती धरायची, हाच प्रश्न कवितेतही आहे.

रानवारा

मग ओळ नऊची राहू द्या. एक कमी पडलं तर काय भूकंप... जाऊ द्या, चुकलं. पण मला ‘म्हनली’च हवं.

पाटीपेन्सिल

दोघांचंही बरोबर धरता येतं. मी माझं मत देत नाही, कवितेत पुढं आणखी कोण बोलतं त्यावर ठरेल. मला वेगळी भीती आहे. प्रसंग सांगताना तुमची जीभ मोकळी आहे. चिंतनाचा भाग आला की काय होतं? एखादा तुकडा टाका.

माळवदकर

टाकतो, हसू नका. जुना आहे:

विस्थापनाच्या वेदनेचे मूळ
अस्तित्वाच्या शोधातच आहे दडलेले

देगलूरनाका

हे आमच्या कॉलेजच्या स्मरणिकेत छापलं असतं.

पाटीपेन्सिल

बघा, तुमच्याच तोंडचा एक शब्द यात नाही. विचार करायची वेळ आली की आपण नकळत व्यासपीठावर चढतो. ‘मूळ’, ‘शोध’, ‘दडलेले’. शेवटचा ‘ले’ तर बोलण्यातून केव्हाच गेला, आपण ‘दडलेलं’ म्हणतो. असे शब्द माप पटापट भरतात, म्हणून तर हात तिकडं जातो. ‘विस्थापनाच्या’ एकट्यानंच निम्मी ओळ खाल्ली.

मायचा प्रसंग फोनवर सांगितलात तसाच हा विचारही सांगून बघा. नव्या गावात राहायला गेलात तेव्हा नक्की काय विचित्र वाटलं? ‘वेदना’ हा शब्द न वापरता.

माळवदकर (दुसऱ्या दिवशी)

सांगितलं, बायकोला. तिला म्हणालो, नवं गाव सरळ रांगांचं, घराला नंबर आहे, तरी कुणी पत्ता विचारला की मी अजून जुन्या गल्लीपासून सांगायला लागतो. ती म्हणाली, हेच लिही की. लिहिलं:

आता घराला नंबर आहे. पण
पत्ता विचारला की जीभ अजूनही
जुन्याच गल्लीत वळते, भिंत नसली तरी.

शेवटच्या ओळीत एक जास्त होतंय, अकरा. ‘तरी’ काढून बघितलं, जमेना.

ठेकाधारी

हे मात्र ऐकू आलं. पहिली ओळ ‘पण’वर लटकते, तिथं हात थांबला माझा. अकरावं राहू द्या, पुढं गेल्यासारखं वाटतं.

पाटीपेन्सिल

मी असतो तर ‘नसली’ऐवजी दुसरं काही शोधलं असतं. सवय. पण दहातली एखादी ओळ अकराची असावी, नाहीतर माप ताठ होतं. फक्त ती कुठं येते ते बघा. विचार हातातून निसटतो तिथं आली तर ठीक, कंटाळून ठेवलेली नको. ही कुठली आहे ते तुम्हालाच माहीत.

देगलूरनाका

‘गल्लीत वळते’ म्हणजे गल्लीकडं वळते की गल्लीत शिरून वळते? व्याकरणाच्या बाजूनं बघितलं तर...

सुमनताई

राहू द्या हो सर. दादा, मला एकच विचारायचं होतं पहिल्यापासून. शेळी सुटली का?

माळवदकर

सुटली, ताई. ती ओळ पुढं आहे. अजून नऊच भरतात.